हॉवरपासून पंखांवरच्या उड्डाणापर्यंत: टिल्टरोटर आणि इलेक्ट्रिक एअर टॅक्सीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर टॅक्सीचा एखादा नवा व्हिडिओ फिरायला लागला की माझ्याकडे तेच प्रश्न पुन्हा येतात. बहुतेकांचा रोख एकाच क्षणावर असतो. हवेत उभं असलेलं, म्हणजे हॉवर करणारं यंत्र पंखे पुढे वळवतं आणि विमान होऊन निघून जातं, तेव्हा मधल्या पंधरा-वीस सेकंदांत नेमकं काय होतं? या पानावर तेवढ्याच सेकंदांबद्दल लिहिलं आहे. बॅटरीची किंमत, तिकिटाचे दर, परवाने हे विषय इथे नाहीत. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत आणि एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. टिल्टरोटर म्हणजे काय? ते हेलिकॉप्टर की विमान?

दोन्ही, पण एका वेळी एकच. टिल्टरोटरच्या पंखांच्या टोकांना मोठे रोटर असतात. ते आकाशाकडे वळवले की हेलिकॉप्टरसारखी उचल मिळते, पुढे वळवले की तेच रोटर प्रोपेलरचं काम करतात आणि वजन पंख पेलतात. रोटर ज्या डब्यावर बसवलेला असतो त्याला नॅसेल म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या एक्सव्ही-३ या प्रायोगिक विमानाने डिसेंबर १९५८ मध्ये रोटर पूर्ण पुढे वळवून उड्डाण केलं. त्यानंतर एक्सव्ही-१५ आलं, आणि त्याच्या अनुभवावर बेल आणि बोइंग यांनी व्ही-२२ ऑस्प्रे बनवलं. ऑस्प्रेचं पहिलं उड्डाण मार्च १९८९ मध्ये झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते हवेत पहिल्यांदा पूर्ण विमान झालं. म्हणजे उडायला लागल्यावरही रोटर पूर्ण पुढे वळवायला त्याला सहा महिने लागले. या विषयात अवघड काय आहे, ते या सहा महिन्यांवरून कळतं.

२. सगळ्या एअर टॅक्सी रोटर झुकवतात का?

नाही. ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिल्यात सगळे पंखे झुकतात. जॉबी कंपनीच्या विमानाला असे सहा प्रोपेलर आहेत. दुसऱ्यात काही झुकतात आणि काही जागच्या जागी थांबतात. आर्चरच्या मिडनाइट विमानाला बारा प्रोपेलर आहेत, त्यातले पुढचे सहा झुकतात आणि मागचे सहा फक्त वर उचलतात. तिसऱ्या घराण्यात काहीच झुकत नाही. उचलणारे पंखे वेगळे आणि ढकलणारा पंखा वेगळा. बीटा कंपनीचं आलिया या प्रकारचं आहे, चार पंखे उचलायला आणि शेपटीला एक ढकलायला. पंख नसलेली, नुसत्या पंख्यांवर उडणारी यंत्रंही आहेत, पण त्यांना हॉवरमधून पंखांवर जाण्याचं ट्रान्झिशन करायचंच नसतं, म्हणून त्यांना इथे जागा नाही.

तिन्ही घराण्यांचं मूळ गणित एकच आहे. ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये मांडलं आहे.

३. हेलिकॉप्टरसारखंच पुढे गेलं तर काय बिघडलं? पंख लावायचे आणि रोटर फिरवायचे, एवढा खटाटोप कशाला?

कारण हवेत उभं राहणं फार महाग पडतं. आकडे सोपे राहावेत म्हणून एक काल्पनिक विमान घेऊ, पुढच्या उत्तरांतही तेच वापरणार आहे. वजन २,००० किलो, पंखांचं क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, आणि सगळे पंखे मिळून ३५ चौरस मीटरच्या वर्तुळांतली हवा खाली ढकलतात. या विमानाला नुसतं उभं राहायला साधारण ४२० किलोवॅट लागतील. तेच विमान पंखांवर ताशी २१५ किलोमीटरने जात असेल तर सुमारे १२५ किलोवॅट पुरतात. म्हणजे हवेत एक मिनिट उभं राहण्यात गेलेली वीज वापरून सरळ जाताना जवळजवळ साडेतीन मिनिटं, म्हणजे बारा किलोमीटर जाता येतं.

पेट्रोलियम इंधनात ऊर्जा इतकी ठासून भरलेली असते की हेलिकॉप्टरला हा खर्च परवडतो. बॅटरीला तो परवडत नाही. इलेक्ट्रिक विमान लवकरात लवकर पंखांवर गेलं नाही तर ते कुठेच पोचणार नाही.

४. पंख वजन पेलायला नेमके कधी लागतात? एखादा ठरावीक वेग आहे का?

ठरावीक वेगाला बटण दाबल्यासारखं काही होत नाही. पंख अगदी सुरुवातीपासून थोडं थोडं वजन घेत असतात, पण त्यांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा असेल तर उचल निम्मी नाही, चौथाईच मिळते.

आपल्या विमानाचे पंख संपूर्ण वजन एकट्याने पेलू शकतात तो किमान वेग काढला तर सेकंदाला ४२ मीटर येतो, म्हणजे ताशी १५२ किलोमीटर. हा स्टॉलचा वेग. यापेक्षा हळू गेलं की पंखांना हवा पुरत नाही. आता मागे मोजत या. सेकंदाला ३० मीटर वेग असताना पंख निम्मं वजन पेलतात, २१ मीटरला पाव, आणि १७ मीटरला जेमतेम १६ टक्के. ताशी साठ किलोमीटर हा वेग रस्त्यावर चांगलाच वाटतो, पण पंखांच्या हिशेबात तो जवळजवळ काहीच नाही. उरलेलं ८४ टक्के वजन अजून पंख्यांवरच असतं.

म्हणून वेगाच्या पहिल्या निम्म्यात पंख जेमतेम जागे झालेले असतात आणि जवळजवळ सगळी जबाबदारी ते दुसऱ्या निम्म्यात उचलतात. पंखे किती आणि कधी वळवायचे, ते यावर ठरतं.

५. रोटर पुढे वळवल्यावर विमान धपकन खाली का येत नाही? वरची उचल तर कमी झाली ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. याचं उत्तर शाळेतल्या त्रिकोणमितीत आहे आणि मला ते फार देखणं वाटतं.

रोटर सरळ वर असताना त्याचा सगळा रेटा वर असतो. तो १० अंश पुढे झुकवला तर वरच्या दिशेचा रेटा दीडच टक्क्याने घटतो, पण पुढच्या दिशेला तब्बल १७ टक्के रेटा मिळतो. पॉवर किंचित वाढवली की ती दीड टक्क्याची तूट भरून निघते. म्हणजे पहिले दहा अंश जवळजवळ फुकट मिळतात. एवढ्या झुकावावर आपलं विमान, हवेचा रोध तूर्त सोडून दिला तर, दहा सेकंदांत ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पोचतं.

आता पंखांनी १६ टक्के वजन घेतलेलं आहे. पंख्यांना ८४ टक्केच पेलायचं आहे, तेव्हा पॉवर तेवढीच ठेवून रोटर ३३ अंशांपर्यंत झुकवता येतात. सेकंदाला ३० मीटरला पंखांनी निम्मं वजन घेतलं की ६० अंश चालतात. ४२ मीटरला पूर्ण ९० अंश, म्हणजे रोटर सरळ पुढे. पंख जेवढं देतील तेवढंच पंख्यांकडून काढून घ्यायचं, एवढाच हा व्यवहार आहे. प्रत्यक्षात प्रत्येक टप्प्यावर थोडी शिल्लक ठेवतात, म्हणजे त्या वेगाला चालला असता त्यापेक्षा रोटर कमीच झुकवतात.

उलट कुणी उभ्या विमानाचे रोटर एकदम ६० अंशांवर नेले तर? वरचा रेटा निम्मा होईल, पंख अजून काहीच देत नसतील, आणि विमान पहिल्या सेकंदात अडीच मीटर, तर तीन सेकंदांत बावीस मीटर खाली येईल. सात मजली इमारत एवढी असते. तेव्हा विमान खाली न पडण्याचं सगळं श्रेय क्रमाला आहे.

६. "कन्व्हर्जन कॉरिडॉर" असा शब्द वाचला. तो काय आहे?

कागदावर आडव्या अक्षावर वेग आणि उभ्या अक्षावर रोटरचा झुकाव मांडला, तर सुरक्षित उड्डाणाचा तिरका पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे कॉरिडॉर. त्याच्या एका बाजूची भिंत तुम्ही वरच्या उत्तरात पाहिलीत: झुकाव जास्त आणि वेग कमी, मग उचल पुरत नाही. दुसरी भिंत कमी लोकांना माहीत असते: वेग जास्त आणि रोटर अजून उभेच.

उभा रोटर वेगाने पुढे गेला की वारा त्याच्या चकतीला आडवा लागतो. फेरीच्या एका बाजूला पातं वाऱ्यात घुसतं, दुसऱ्या बाजूला वाऱ्याबरोबर मागे सरतं. घुसणाऱ्या पात्याला जोरदार हवा मिळते, सरणाऱ्याला कमी. दर फेरीला प्रत्येक पात्यावरचा भार एकदा वाढतो, एकदा उतरतो. ऑस्प्रेच्या रोटरचा मध्य त्यासाठी सांध्यावर बसवलेला आहे. चकती थोडी कलून भार सारखा करून घेते, पण कलण्यालाही मर्यादा असते. एअर टॅक्सीचे आखूड, ताठ प्रोपेलर कलत नाहीत, तो सगळा हिसका ते मोटरच्या बेअरिंगला आणि पुढे विमानाच्या सांगाड्याला देतात. आत बसलेल्याला तो थरथर म्हणून जाणवतो, आणि चाचणीत पात्यांच्या मुळाशी चिकटवलेल्या ताण मोजणाऱ्या पट्ट्यांवर दिसतो.

कॉरिडॉरच्या कडेला विमान जाऊच नये म्हणून ऑस्प्रेचा संगणक वेग बघून नॅसेल अडवतो. वेग जास्त असेल तर ती जास्त उभी होऊ देत नाही, कमी असेल तर पुढे वळू देत नाही. हे संरक्षण चांगलं आहे, पण परिपूर्ण नाही. त्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

७. हे सगळं पायलट हाताने करतो का?

ऑस्प्रेमध्ये हो, संगणकाच्या मदतीने. पायलटच्या डाव्या हातात पॉवरचा दांडा असतो आणि त्या दांड्यावर अंगठ्याखाली एक छोटं चाक. अंगठ्याने ते चाक पुढे सारलं की पंखांच्या टोकांवरच्या दोन्ही नॅसेल, आपापल्या साडेअकरा मीटर व्यासाच्या रोटरसकट, पुढे वळायला लागतात. मागे सारलं की उभ्या होतात, नव्वदच्याही थोड्या पलीकडे, साडेसत्त्याण्णव अंशांपर्यंत. ब्रेक लावायला आणि मागे सरकायला ते जादा अंश उपयोगी पडतात. सगळं जुळून आलं तर उभ्यापासून आडव्यापर्यंतचा प्रवास बारा सेकंदांत होतो.

नव्या इलेक्ट्रिक विमानांत पायलट रोटरचा कोन सहसा सांगतच नाही. तो "एवढा वेग हवा, एवढी उंची हवी" एवढंच मागतो आणि कोन, फेरे, पात्यांची तिरपाई हे सगळं संगणक ठरवतो. सहा किंवा बारा पंखे एकाच वेळी दोन हातांनी सांभाळणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

८. विमान वळवायचं, कलवायचं कसं? हेलिकॉप्टरचे कंट्रोल कधी बंद होतात आणि विमानाचे कधी सुरू होतात?

बंद आणि सुरू असं होत नाही, एकाचा वाटा कमी होत जातो आणि दुसऱ्याचा वाढत जातो. यात एक गोष्ट गंमतीची आहे, आणि ती समजली की संगणक इथे का अटळ आहे ते कळतं.

दोन रोटर उभे आहेत अशी कल्पना करा. उजव्याचा रेटा वाढवला तर उजवा पंख वर जातो, विमान डावीकडे कलतं. आता तेच रोटर पूर्ण पुढे वळवा आणि पुन्हा उजव्याचाच रेटा वाढवा. आता विमान कलत नाही. उजवी बाजू पुढे ढकलली जाते आणि नाक डावीकडे वळतं. कृती तीच, परिणाम वेगळा. मधल्या ४५ अंशांवर दोन्ही थोडे थोडे होतात: कलायला सांगितलं तर विमान वळतंही, वळायला सांगितलं तर कलतंही. पायलटने स्टिक डावीकडे नेली की विमानाने फक्त डावीकडे कलावं यासाठी प्रत्येक कोनाला वेगळं मिश्रण लागतं, किती रोटरकडून आणि किती पंखांच्या मागच्या हलत्या फळ्यांकडून. त्या फळ्याही वेग नसताना निकामी असतात, कारण त्यांना वारा लागतो.

९. घाई झाली आणि वेग यायच्या आधीच रोटर पुढे वळवले, असं खरंच कधी झालं आहे का?

झालं आहे, आणि त्यात माणसं गेली. ११ एप्रिल २०१२ रोजी मोरोक्कोमध्ये सरावादरम्यान अमेरिकी मरीनचं एक ऑस्प्रे सैनिकांना उतरवून पुन्हा उडालं. कमी उंचीवर हॉवर करतच ते मागे वळलं आणि त्यामुळे वारा पाठीमागून यायला लागला. त्याच स्थितीत नॅसेल पुढे वळवायला सुरुवात केली गेली. नॅसेलमध्ये इंजिनं आहेत. त्या पुढे वळल्या की जड वस्तुमान पुढे सरकतं आणि नाक जड होतं. पाठीच्या वाऱ्यामुळे शेपटीच्या फळ्यांना पुरेशी हवा नव्हती. स्टिक मागे ओढूनही नाक उचललं गेलं नाही आणि विमान नाकावर आदळलं. मागे बसलेल्या दोन मरीनचा मृत्यू झाला, पायलट जखमी होऊन वाचले.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंखाला जमिनीवरचा वेग कळत नाही, त्याला फक्त हवेतला वेग कळतो. मी स्वतः हे रिमोटच्या मॉडेलवर शिकलो. पुढच्या दोन मोटरी झुकणाऱ्या आणि शेपटीत एक उचलणारी, असं फोमचं मॉडेल आम्ही बनवलं होतं. ज्वारी काढलेल्या रानात, संध्याकाळी, वारा माझ्या पाठीमागून होता. मॉडेल माझ्यापासून दूर चाललं होतं आणि चांगलं झपाट्याने जाताना दिसत होतं, म्हणून मी रिमोटचा तीन खटक्यांचा स्विच मधल्यावरून शेवटच्या खटक्यावर टाकला. पुढच्या मोटरी आडव्या झाल्या, शेपटीची बंद झाली, आणि मॉडेल पुढे जायच्या ऐवजी शेपूट टाकून ज्वारीच्या खुंटांत बसलं. मला दिसलेला वेग वाऱ्याचा होता, पंखांना त्यातलं काही मिळालेलं नव्हतं. डावा पंख मुळापासून मोडला. त्यानंतर समोरून वारा घेतल्याशिवाय मी तो स्विच हलवलेला नाही.

आकड्यांत सांगायचं तर पाठीमागून सेकंदाला ८ मीटर वारा असेल, तर हवेतला ३० मीटर वेग मिळवायला जमिनीवरून ३८ मीटरने धावावं लागतं, आणि सुरुवात शून्यापासून नाही, उणे आठपासून होते.

१०. जाताना कठीण की उतरताना?

उतरताना. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. व्हिडिओत मात्र नेहमी जातानाचाच भाग दाखवतात.

जाताना वेळ तुमच्या बाजूने असतो. प्रत्येक सेकंदाला वेग वाढतो, पंखांची उचल वाढते, लागणारी पॉवर उतरत जाते. काही चुकलं तरी पुढचा क्षण मागच्यापेक्षा सोपा असतो. उतरताना सगळं उलटं. वेग कमी होतो तशी पंखांची उचल वर्गाच्या प्रमाणात घसरते, आणि नेमक्या त्याच वेळी पंख्यांना शून्याजवळून पूर्ण भारावर यावं लागतं. पॉवर १२५ किलोवॅटच्या आसपासून ४२० पर्यंत चढते, आणि त्यातली बरीचशी चढण शेवटच्या टप्प्यात येते. वेग कमी करायला पॉवर कमी करावी, तर थोड्याच सेकंदांनी तीच भरपूर लागणार असते. रोटर वर वळताना नाकही वर जायला बघतं. नाक फार वर गेलं की पंख स्टॉल होतो आणि त्याची उचल हळूहळू नाही, अचानक जाते.

इलेक्ट्रिक विमानात यात आणखी एक अडचण मिसळते. बॅटरी उतरत आली की तिचं व्होल्टेज आधीच कमी झालेलं असतं, आणि मोठा करंट ओढला की ते आणखी दबतं. फोन पंधरा टक्क्यांवर असताना कॅमेऱ्याचा फ्लॅश टाकला आणि फोन बंद पडला, हा अनुभव अनेकांना असेल. एअर टॅक्सीच्या प्रवासात सगळ्यात जास्त पॉवर शेवटी लागते, म्हणजे बॅटरी सगळ्यात थकलेली असताना. आपलं विमान उभं राहून मिनिटाला सात युनिट वीज खातं. खालची जागा अडलेली असेल, परत वर जाऊन फेरी मारून यावं लागलं, तर एवढी वीज एवढ्या जोराने द्यायची ताकद शिल्लक हवी. म्हणून बॅटरीत किती ऊर्जा उरली याइतकाच, ती किती पॉवर देऊ शकते हा आकडाही पायलटच्या पडद्यावर असायला हवा.

११. उतरताना स्वतःच्याच वाऱ्यात विमान अडकतं असं ऐकलं. ते काय प्रकरण आहे?

रोटर हवा खाली ढकलतो. विमान जवळजवळ सरळ खाली, आणि फार झपाट्याने उतरलं, तर ते स्वतःच ढकललेल्या हवेत शिरतं. ती हवा रोटरच्या कडेवरून वळून पुन्हा वरून आत येते, चकतीभोवती भोवऱ्याचं कडं तयार होतं आणि उचल कोसळते. पॉवर वाढवली तर भोवराच वाढतो. साध्या हेलिकॉप्टरमध्ये यामुळे यंत्र सरळ खाली बसतं. टिल्टरोटरला दोन रोटर शेजारी-शेजारी आहेत, आणि भोवरा आधी एकालाच धरू शकतो. मग विमान खाली बसत नाही, एका कुशीवर उलटतं.

८ एप्रिल २००० रोजी अमेरिकेत ॲरिझोनातल्या माराना इथे हेच झालं. चाचणीदरम्यान रात्री उतरणारं ऑस्प्रे, पुढे जाण्याचा वेग कमी असताना, मिनिटाला २,००० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली येत होतं. एका रोटरची उचल गेली, विमान उलटलं आणि आतले सर्व १९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर खास चाचण्या झाल्या, कॉकपिटमध्ये उतरण्याच्या वेगाचा इशारा बसवला गेला. ४० नॉटपेक्षा कमी वेगात मिनिटाला ८०० फुटांपेक्षा जास्त वेगाने उतरायचं नाही, ही मर्यादा पायलटांच्या अंगवळणी पाडली गेली. त्या चाचण्यांत सुटकेचा मार्गही पक्का झाला: नॅसेल पुढे वळवा. रोटर स्वच्छ हवेत जातो आणि भोवरा मागे राहतो. इथे टिल्टरोटर हेलिकॉप्टरपेक्षा उजवं ठरतं, फक्त खाली पुरेशी उंची हवी.

आपल्या काल्पनिक विमानाचे पंखे हवा सेकंदाला पंधरा मीटरने खाली ढकलतात. त्याच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने, म्हणजे सेकंदाला दहा मीटरने सरळ खाली यायला लागलं की हा धोका सुरू होतो.

१२. न झुकणारे, फक्त उचलणारे पंखे पुढे जाताना काय करतात?

पंखांनी वजन घेतलं की ते थांबवतात, आणि नुसते थांबवून चालत नाही. आडवं थांबलेलं पातं वाऱ्याला अडवतं, म्हणून दोन पात्यांचे पंखे विमानाच्या लांबीच्या दिशेत, वाऱ्याला समांतर उभे करून ठेवतात. जाताना हे सोपं आहे. परत सुरू करताना मात्र पंखा आडव्या वाऱ्यात शून्यापासून फिरायला लागतो, आणि प्रश्न ६ मधला हिसका सगळ्यात आधी इथे लागतो. म्हणून हे पंखे स्टॉलच्या वेगाच्या बरंच वर असतानाच जागे करतात. एखादा सुरू झाला नाही तर पुन्हा वेग घेऊन निघून जायला वाव राहतो.

१३. मधल्या टप्प्यात एक इंजिन किंवा मोटर बंद पडली तर?

ऑस्प्रेच्या दोन्ही रोटरना पंखातून जाणारा एक शाफ्ट जोडतो. एक इंजिन गेलं तर दुसरं दोन्ही रोटर फिरवतं. म्हणून एक बाजू मेली आणि विमान उलटलं, असं इंजिनाच्या बिघाडाने होत नाही. पॉवर मात्र निम्मी होते आणि उभं राहणं अनेकदा जमत नाही, तेव्हा पुढे जाऊन वेग घेणं बरं.

इलेक्ट्रिक विमानात असा शाफ्ट नाही, त्याऐवजी मोटरी जास्त आहेत. जॉबीच्या एकेका मोटरला दोन स्वतंत्र विद्युत बाजू आहेत, एक गेली तरी दुसरी काही रेटा देते. सहापैकी एक पंखा पूर्ण गेला तर तोल राखायला त्याच्या समोरच्या पंख्याचाही रेटा कमी करावा लागतो. म्हणजे नुकसान एकाचं दिसतं, पण हिशेबात दीड-दोन पंखे जातात. हॉवरमध्ये हे जड जातं, पंखांवर असताना सहज निभावतं. मधल्या टप्प्यात बिघाड झाला तर उंची आणि वेग बघून पुढे जायचं की परतायचं, हा निर्णय एक-दोन सेकंदांत घ्यावा लागतो. कंपन्या यासाठी आधीच वेग ठरवून ठेवतात.

१४. रोटर पुढे वळलेल्या स्थितीतच अडकले तर उतरता येईल का?

एअर टॅक्सीचे प्रोपेलर लहान असतात, त्यांना धावपट्टीवर तसं उतरता यावं असा प्रयत्न असतो. ऑस्प्रेचा रोटर इतका मोठा आहे की तो आडवा असताना पात्यांची टोकं जमिनीखाली जातील. अगदीच नाइलाज झाला तर तसं उतरतात. पाती संमिश्र धाग्यांची आहेत, ती तुकडे होऊन उडण्याऐवजी केरसुणीसारखी फिसकटावीत अशी रचना आहे.

याहून भीतीदायक स्थिती म्हणजे एक बाजू वळली आणि दुसरी नाही. म्हणूनच एक्सव्ही-१५ मध्ये दोन्ही बाजूंची वळवणारी यंत्रणा एकमेकींना यांत्रिक जोडणीने बांधलेली होती.

१५. पुण्यात मे महिन्यात हे विमान तसंच उडेल का?

तसंच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. दुपारी पारा ४० अंशांवर असताना तिथली हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १४ टक्के विरळ असते. आपल्या विमानाचा स्टॉलचा वेग ताशी १५२ वरून सुमारे १६४ किलोमीटर होईल, म्हणजे प्रश्न ५ मधला प्रत्येक झुकाव थोडा उशिरा, जास्त वेगाला करावा लागेल. उभं राहायची पॉवरही सात-आठ टक्क्यांनी वाढेल, ४२० च्या जागी ४५०. शिवाय तापलेल्या हवेत मोटर आणि बॅटरी थंड ठेवणं अवघड, आणि दुपारी तापलेल्या छपरांवरून उठणारे हवेचे हिसके कॉरिडॉरमधला वेग वर-खाली करतात. मुंबईहून निघताना जे वजन चाललं, ते पुण्याहून परत निघताना चालेलच असं नाही. एक प्रवासी किंवा बॅगा खाली ठेवाव्या लागतील. घाटमाथ्यावर उतरायचं असेल तर हा हिशेब आणखी कडक होतो.